मागणी पाचशेची, गोडाऊनमध्ये दोनशे साठ

तुर्भ्याच्या एमआयडीसीत आमचं मुख्य गोडाऊन आहे. ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या आमच्या मेडिकल दुकानांना माल इथूनच जातो आणि कुठल्या ब्रँचला काय, किती पाठवायचं हे ठरवणं माझं काम. एरवी हे काम सरळ असतं. ब्रँच इंडेंट म्हणजे मालाची मागणी टाकते, माल असतो, चलन निघतं, टेम्पो सुटतो. खरी कसोटी लागते ती मागणी साठ्यापेक्षा जास्त झाली की. या पावसाळ्यात रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांच्या बाबतीत ती लागली, आणि वाटपाची आमची जुनी पद्धत तेव्हाच बदलली. ती कशी बदलली, ते सविस्तर लिहिते आहे.

आधी या मालाबद्दल थोडं. ग्लुकोमीटर ज्या कंपनीचा, पट्टीही त्याच कंपनीची लागते. दुसऱ्या कंपनीची पट्टी त्या यंत्रात चालत नाही. तापाची गोळी एका नावाची नसली तर दुसऱ्या नावाची देता येते, इथे ती सोय नाही. दिवसातून चार वेळा साखर तपासावी लागणारं मूल घरात असेल, तर ५० पट्ट्यांची डबी साडेबारा दिवसांत संपते. त्या घरासाठी आमच्या रॅकवर डबी असणं आणि नसणं यात फार मोठा फरक आहे. म्हणून हे वाटप मला नुसतं आकड्यांचं काम वाटत नाही.

पुरवठादाराने कळवलं की पुढचा माल साधारण बारा दिवसांनी येईल. गोडाऊनमध्ये डब्या होत्या २६०. सहा ब्रँचचे इंडेंट मिळून मागणी होती ५०० ची.

आमची जुनी रीत अशी, की जेवढे टक्के माल आहे तेवढे टक्के प्रत्येकाच्या इंडेंटवर द्यायचे. मॅनेजर साहेबांचं म्हणणं असायचं, "सगळ्यांना सारखंच कापा, म्हणजे कोणाचा फोन नको." ऐकायला हे न्याय्य वाटतं. फोनही खरंच कमी येतात, कारण प्रत्येकाला सांगता येतं की तुम्हालाही तेवढेच टक्के आणि त्यांनाही तेवढेच. पण मी यावेळी टक्के काढायच्या आधी प्रत्येक ब्रँचच्या रॅकवर काय आहे आणि रोज किती खपतं, हे शेजारी मांडलं. हातातला साठा म्हणताना वाटेत असलेला मालही त्यात धरला. काल निघालेला टेम्पो आज पोचणार असेल, तर त्यातला खोका त्या ब्रँचचाच.

| ब्रँच | हातात | रोजचा खप | इंडेंट |
|---|---|---|---|
| नौपाडा | ३० | ६ | ९० |
| घोडबंदर | ० | ६ | ८० |
| ऐरोली | २० | ४ | ८० |
| वाशी | १०० | ५ | १४० |
| नेरूळ | १० | ५ | ६० |
| पनवेल | २० | ४ | ५० |

अडीनडीला हाताशी म्हणून २० डब्या बाजूला ठेवायच्या आणि २४० वाटायच्या, असं मी आधीच ठरवलं होतं. त्या वीस डब्यांचं पुढे सांगते. ५०० पैकी २४० म्हणजे ४८ टक्के. या हिशेबाने वाशीला ६७ डब्या मिळाल्या असत्या. त्यांच्याकडे आधीच १०० होत्या, म्हणजे त्यांच्याकडे तेहतीस दिवसांचा माल झाला असता. घोडबंदरला मिळाल्या असत्या ३८, आणि त्या सहा दिवसांत संपल्या असत्या. नेरूळचा माल आठव्या दिवशी संपला असता. नवा माल बाराव्या दिवशी. म्हणजे एका ब्रँचमध्ये महिनाभराच्या डब्या पडून आहेत आणि दुसऱ्या ब्रँचमधून पाच-सहा दिवस लोक हात हलवत परत जाताहेत, असं वाटप आम्ही 'सारखं' म्हणून केलं असतं.

गडबड कुठे आहे हे इथे स्पष्ट दिसतं. इंडेंट म्हणजे गरज नव्हे. इंडेंटमध्ये गरज असते, भीती असते, मागच्या वेळी कमी मिळाल्याची आठवण असते. टक्केवारीने कापलं जाणार हे ब्रँचला एकदा कळलं की पन्नास हवे असणारा शंभर लिहितो, म्हणजे कापून पन्नास तरी मिळतील. मग खरेच पन्नास लिहिणाऱ्याला चोवीस मिळतात आणि पुढच्या वेळी तोही शंभर लिहायला शिकतो. पुरवठा साखळीच्या अभ्यासात हे जुनं निरीक्षण आहे. हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग या तिघांनी १९९७ मध्ये, मागणीचे आकडे वरच्या पातळीवर जाताना का फुगत जातात याची चार कारणं मांडली. टंचाईत वाटून मिळणार म्हणून वाढवून मागणं हे त्यातलं एक. माल आला की हे फुगलेले इंडेंट रद्द व्हायला लागतात आणि मागच्या महिन्यात मागणी खरी होती किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

वाशीच्या १४० मध्ये मात्र लबाडी नव्हती. मी इंडेंट उघडून पाहिला तर ७० चा जुना, न भागलेला इंडेंट तसाच उघडा होता आणि त्यावर ७० चा नवा आला होता. आमची सिस्टीम जुना आपोआप बंद करत नाही, दोन्हींची बेरीज दाखवते. म्हणून टंचाईच्या मालाचं वाटप करण्याआधी सगळे जुने इंडेंट बंद करून ताजे मागवायचे, असा नियम आता केला आहे. यावेळी तेवढा वेळ नव्हता. तशी त्याची गरजही उरली नाही, कारण वाटपाचा पायाच मी इंडेंटवरून काढून घेतला.

नवा पाया असा. डब्या सारख्या वाटायच्या नाहीत, दिवस सारखे वाटायचे. प्रत्येक ब्रँचचा माल शक्य तितका एकाच दिवशी संपला पाहिजे. त्यासाठी गोडाऊनमधला वाटायचा माल आणि ब्रँचमधला माल एकत्र धरायचा, कारण कंपनीच्या दृष्टीने तो एकच साठा आहे. २४० अधिक ब्रँचमधल्या १८०, मिळून ४२०. सगळ्यांचा मिळून रोजचा खप ३०. भागाकार केला की १४ दिवस येतात.

आता प्रत्येक ब्रँचला १४ दिवसांचा माल व्हावा इतकं द्यायचं म्हटलं, तर वाशीला लागतात ७० आणि आहेत १००. त्यांना द्यायचं काही नाही, उलट ३० जास्त आहेत. ते ३० मी काढून घेणार नव्हते, त्यामुळे बाकीच्यांना १४ दिवस प्रत्यक्षात पुरणार नव्हते. अशा वेळी ती ब्रँच हिशेबातून बाजूला काढायची, तिच्या साठ्यासकट आणि तिच्या खपासकट, आणि उरलेल्यांचा भागाकार पुन्हा करायचा. पाच ब्रँचचा माल आणि २४० मिळून ३२०, रोजचा खप २५, म्हणजे १२.८ दिवस. नवा माल बाराव्या दिवशी येणार होता. तेवढ्यात बसत होतं.

हे पुन्हा पुन्हा भागाकार करणं एक्सेलमध्ये टाळता येतं. बी कॉलममध्ये साठा, सी मध्ये रोजचा खप आणि एका वेगळ्या खान्यात दिवस लिहायचे. प्रत्येक ओळीत एवढंच:

```
=MAX(0,$H$1*C2-B2)
```

खाली बेरीज करायची आणि ती २४० होईपर्यंत H1 मधला दिवसांचा आकडा कमीजास्त करत राहायचा. ज्यांच्याकडे जास्त आहे ते आपोआप शून्यावर राहतात. १४ टाकले की बेरीज २७० येते, म्हणजे ३० डब्या कमी पडतात, आणि या ३० म्हणजे वाशीकडच्या जास्तीच्या ३०. १२.८ टाकले की बरोबर २४०.

आता तक्त्यातल्या घोडबंदरच्या सहाच्या आकड्याबद्दल, कारण या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो. सिस्टीम घोडबंदरचा रोजचा खप तीन दाखवत होती. मागच्या तीस दिवसांत ९० डब्या विकल्या, भागिले तीस. पण त्या ब्रँचचं स्टॉक लेजर उघडलं तर तीसपैकी पंधरा दिवस दिवसअखेरचा साठा शून्य होता. डबीच नव्हती तर विकणार काय? ९० डब्या पंधरा दिवसांत गेल्या होत्या, म्हणजे रोज सहा.

तीन धरून वाटप केलं असतं, तर घोडबंदरला ४४ च्या आसपास डब्या गेल्या असत्या आणि त्या सात दिवसांत संपल्या असत्या. पुढच्या महिन्यात लेजरमध्ये पुन्हा शून्याचे दिवस, पुन्हा सरासरी कमी, पुन्हा कमी माल. ज्या ब्रँचची एकदा उपासमार झाली तिची पुढेही होत राहते, आणि रिपोर्टमध्ये ती ब्रँच 'कमी खपाची' म्हणून दिसते. टंचाईत खपाच्या प्रमाणात वाटणाऱ्यांनी विक्रीचा आकडा घेण्याआधी माल नसलेले दिवस वजा केलेच पाहिजेत, याबद्दल माझं मत ठाम आहे.

त्यात एक धोका मात्र आहे. बरेच दिवस माल नसला आणि मग आला, की थांबून राहिलेले लोक एकदम येतात. त्या दोन-चार दिवसांची विक्री फुगलेली असते आणि ती पंधराने भागली तर खप खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून मी टंचाईच्या आधीच्या महिन्यांची विक्री काढली. तिथेही रोजच्या सहाच्याच आसपास होती, म्हणून सहा धरले. दुसरी शंका अशी की घोडबंदरला डबी मिळाली नाही म्हणून लोक नौपाड्याला गेले असतील आणि नौपाड्याचा खप त्यामुळे वाढलेला दिसत असेल. नौपाड्याचे जुने महिने पाहिले, काही फरक नव्हता. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये एका डबीसाठी नौपाड्याला कोण उतरणार? लोकांनी शेजारच्या दुसऱ्या कुठल्यातरी दुकानातून घेतली असणार.

हिशेबाने आकडे आले ते असे: नौपाडा ४६.८, घोडबंदर ७६.८, ऐरोली ३१.२, नेरूळ ५४, पनवेल ३१.२. पण माल जातो दहा डब्यांच्या खोक्यात. खोका फोडून सुट्या डब्या पाठवल्या की मोजणीत चूक होते, आणि टेम्पोत सुट्या डब्या कुठे जातात हे आमच्या मुकादम काकांना चांगलं ठाऊक आहे. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मॅडम, खोका फोडायला लावू नका हां, मग हिशोब माझ्याकडे मागायचा नाही."

तेव्हा आधी प्रत्येकाला पूर्ण खोके दिले: चार, सात, तीन, पाच, तीन. बावीस खोके गेले, दोन उरले. ते कुणाला द्यायचे हे अपूर्णांक पाहून ठरवता येतं, पण मी एक सोपा प्रश्न विचारते. आत्ता या क्षणी कुणाचा माल सर्वांत आधी संपेल? नौपाडा आणि घोडबंदर, दोघांचाही ७० डब्यांवर साडेअकरा दिवसांच्या थोडं पुढे संपत होता. बाकी सगळे बारा किंवा त्याच्या वर होते. एकेक खोका त्या दोघांना. मग नौपाड्याला ५०, घोडबंदरला ८०, ऐरोलीला ३०, नेरूळला ५०, पनवेलला ३०. सर्वांचे दिवस बारा ते साडेतेरा यांच्यामध्ये आले.

मुकादम काकांना समजावताना मी तर पूर्ण हिशेब याच भाषेत सांगितला. चोवीस खोके समोर ठेवा, ज्याचा माल सर्वांत आधी संपणार त्याच्या ढिगावर एक खोका ठेवा, मग पुन्हा बघा आता सर्वांत आधी कुणाचा संपतो, त्याच्यावर पुढचा. चोविसावा खोका ठेवला की हेच वाटप समोर येतं. त्यांनी खडूने जमिनीवर पाच चौकोन आखले, प्रत्येकात ब्रँचचं नाव लिहिलं आणि खोके मांडून बघितले. घोडबंदरच्या चौकोनात आठवा खोका ठेवताना थांबून म्हणाले, "त्यांच्याकडे एकही नाही का? मग बरोबर आहे." घोडबंदरचा माल त्यांनी पहिल्याच गाडीत चढवला. बाकीच्यांच्या रॅकवर अजून थोडं होतं, ते दुसऱ्या दिवशी गेलं असतं तरी चाललं असतं.

दुपारी वाशीच्या ताईंचा फोन आला. त्या रागावल्या होत्या आणि त्यांचा राग मला समजत होता.

"आम्ही वेळेवर मागवलं, जपून ठेवलं, म्हणून आम्हाला शून्य? आणि ज्यांनी लक्ष दिलं नाही त्यांना ऐंशी?"

मी म्हटलं, "ताई, तुमच्याकडून एकही डबी परत मागत नाही. तुमच्याकडे वीस दिवसांचा माल आहे, बाकी कुणाकडे साडेतेराच्या वर नाही."

"वीस नाही. त्यातल्या वीस डब्या रविवारच्या शिबिराला कबूल केल्यात."

हे सिस्टीममध्ये कुठेच नव्हतं. कबूल केलेला माल साठ्यातून वजा करायलाच हवा, त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्यासमोरच आकडा बदलला: १०० ऐवजी ८०, म्हणजे सोळा दिवस. तरीही बाकीच्यांपेक्षा जास्त, त्यामुळे वाटप बदललं नाही. पण त्यांचं ऐकून हिशेब पुन्हा केला, हे त्यांना पटलं. त्यांचा मूळ आक्षेप मात्र मी मोडीत काढणार नाही. दिवस सारखे करायच्या नियमात आधीपासून साठा करणाऱ्याला बक्षीस मिळत नाही, आणि काही ब्रँच खरोखर नीट नियोजन करतात. मला वाटतं, टंचाईच्या काळात तरी निर्णय रॅकसमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून व्हावा. ब्रँचचं कौतुक करायला वर्षभर वेळ असतो.

या नियमातही पळवाट आहेच. इंडेंट फुगवून काही मिळत नाही म्हटल्यावर हातातला साठा कमी दाखवायचा मोह होऊ शकतो. हे कळतं कसं? वाटपाच्या एक-दोन दिवस आधी साठा कमी करणारी नोंद पडते: खराब, तुटलेला, सापडत नाही. अशी नोंद दिसली की मी त्या मालाच्या रॅकचा फोटो मागते. खोक्यावरचा बॅच नंबर दिसला पाहिजे. यावेळी तसं कुणी केलं नव्हतं.

चूक निघाली ती उलट्या दिशेने. ऐरोलीच्या फार्मासिस्ट दादांनी माल उतरवून घेताना मोजलं तर सिस्टीममधल्या २० ऐवजी रॅकवर ८ च डब्या होत्या. पंचवीस पट्ट्यांच्या डब्या पन्नासच्या नावाने चढल्या होत्या. दिसायला खोके सारखेच असतात. म्हणजे ३० मिळूनही त्यांच्याकडे ३८, साडेनऊ दिवस. बाजूला ठेवलेल्या वीस डब्या यासाठीच होत्या. एक खोका ऐरोलीला गेला आणि ते बारा दिवसांवर आले.

हा राखीव माल किती ठेवावा यावर आमच्याकडे वाद आहे. साहेबांना वाटतं की टंचाईत गोडाऊनमध्ये एकही डबी पडून राहू नये. माझं म्हणणं, डबी एकदा ब्रँचच्या रॅकवर गेली की ती तिथलीच होते. एका ब्रँचमधून दुसरीकडे न्यायची तर पुन्हा चलन, पुन्हा गाडी, आणि देणाऱ्याची नाराजी. गोडाऊनमधली डबी मात्र कुठेही जाऊ शकते. आमच्या ब्रँचला इतर औषधांची गाडी तशीही नेहमी जाते, त्यामुळे राखीव खोका मागाहून पाठवायला वेगळा खर्च नाही. माल याहून जास्त असता तर मी सरळ दोन हप्त्यांत पाठवला असता: आधी आठवड्याचा, मग ताजा साठा आणि ताजी विक्री पाहून उरलेला.

ब्रँचच्या आतलं वाटप मात्र माझ्या हातात नाही. एका गिऱ्हाइकाला एक डबी, एवढी सूचना सगळ्यांना दिली. कारण नौपाड्यात एकाच माणसाने सहा डब्या नेल्या, तर माझा तेरा दिवसांचा हिशेब एका दिवसाने घसरतो. दिवसाला चार पट्ट्या लागणाऱ्या घराला एक डबी साडेबारा दिवस पुरते, म्हणजे नवा माल येईपर्यंत. ज्यांना त्याहून जास्त लागतात त्यांची नावं फार्मासिस्टना माहीत असतात. अशांना दुसरी डबी द्यायची की नाही, हे फार्मासिस्टवरच सोडलं.

नवा माल ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा आला. नेरूळचा बरोबर बारा दिवसांचा होता, म्हणून शेवटचा राखीव खोका आदल्या दिवशीच तिकडे पाठवला होता. ऐरोलीत शेवटच्या दिवशी दुपारनंतर डबी नव्हती. बाकी कुठे रॅक रिकामा झाला नाही. ऐरोलीच्या लेजरमध्ये तो अर्धा दिवस 'माल नाही' म्हणून मी हाताने नोंदवला, म्हणजे पुढच्या हिशेबात त्यांची सरासरी खाली ओढली जाणार नाही.

आता प्रश्न उरलाय तो उलव्याचा. तिथे नवी ब्रँच उघडते आहे आणि तिचा रोजचा खप काय धरायचा, याला काही आधारच नाही. विक्रीच नाही तर दिवस कशाचे काढणार? सध्या ठरलंय ते असं, की नेरूळची ब्रँच नवी असताना तिच्या पहिल्या तीन महिन्यांत जी विक्री झाली ती उलव्याला धरायची आणि दर पंधरवड्याला खऱ्या आकड्याशी ताडून बघायची. तोवर टंचाईच्या प्रत्येक मालात उलव्यासाठी एक खोका वेगळा काढून ठेवायचा, असं मी मुकादम काकांना सांगून ठेवलंय.